चार्जर मागवण्याआधी बँड पालथा करून फोटो काढा

ऐरोलीच्या मावशीने जुन्या एमआय फिटनेस बँडचा फोटो पाठवला आणि म्हणाली, "चार्जर हरवलाय, ठाणे स्टेशनजवळून घेऊन ये." फोटो समोरचा, स्क्रीन काळी. त्यावरून कोणतं मॉडेल ते काय कळणार? मी पाठीचा फोटो मागितला.

१. पट्ट्यातून गोळी, म्हणजे स्क्रीनचा सुटा भाग, बाहेर काढा. चार्जिंगचे दोन सोनेरी ठिपके तिच्या टोकाला असतील तर बँड ३ किंवा आधीचा, सेन्सरच्या बाजूलाच पाठीवर असतील तर ४ किंवा पुढचा.
२. मग समोर बघा. स्क्रीनखाली बटणाचं गोल वर्तुळ दिसलं तर ४ किंवा ५. बँड ६ ची स्क्रीन जवळपास टोकापर्यंत जाते, वर्तुळ नसतं.
३. जुना चार्जर कसा होता ते विचारा. ४ पर्यंत गोळी काढून खाचेत बसवावी लागे. ५ पासून पट्ट्यासकट लोहचुंबकाने चिकटतो.

मावशीला "टक्कन चिकटायचा" हे आठवलं, वर्तुळही होतं. म्हणजे ५.

पट्ट्यावरून मात्र ठरवू नका. ३ आणि ४ चा पट्टा एकच, चार्जर वेगळे. मी एकदा तसाच फसलोय.