प्रोजेक्ट आणि फायनल: ७५ गाठणाऱ्या जोड्या काढताना या चुका टाळा

सत्राच्या शेवटी दोनच गोष्टी उरतात, प्रोजेक्ट आणि फायनल. मग प्रश्न येतो, ७५ टक्के हवे असतील तर दोन्हींत मिळून किती पाडायचे? याला एक उत्तर नसते, जोड्यांची अख्खी रांग असते. चुका होतात त्या ही रांग मांडताना.

एक विषय घेऊ. असाइनमेंटचे वेटेज २०, मिडटर्मचे २५, प्रोजेक्टचे २० आणि फायनलचे ३५. असाइनमेंटमध्ये ८२ टक्के, म्हणजे १६.४ गुण पदरात. मिडटर्ममध्ये ६८ टक्के, म्हणजे १७. एकूण ३३.४ जमा. ७५ ला कमी पडतात ४१.६, आणि ते उरलेल्या ५५ मधून काढायचे.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथेच होते. झालेल्या ४५ पैकी ३३.४ म्हणजे ७४.२ टक्के. पोर्टलवर हाच आकडा दिसला, की तो जमा गुण समजून सूत्रात टाकला जातो. मग ७५ ला फक्त ०.८ कमी पडतात आणि प्रोजेक्टला ८० धरले तर फायनलचे उत्तर उणे येते. सत्राचा निम्म्याहून जास्त भाग बाकी असताना उत्तर उणे आले, तर आधी हा आकडा तपासा. सरासरी वेगळी, जमा गुण वेगळे.

दुसरी चूक वेटेज विसरण्याची. ‘दोन्हींची सरासरी ७५ आली की झालं’ असे धरले तर ६०-९० आणि ९०-६० या जोड्या सारख्याच वाटतात. प्रोजेक्टला ६० आणि फायनलला ९० मिळाले तर १२ अधिक ३१.५, म्हणजे एकूण ७६.९. उलट केले तर १८ अधिक २१, एकूण ७२.४. एका जोडीत काम होते, दुसरीत हुकते.

शीटमध्ये A2 पासून खाली प्रोजेक्टचे टक्के भरा आणि B2 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=ROUNDUP((75-33.4-0.2*A2)/0.35,0)
```

प्रोजेक्ट १०० तर फायनल ६२, ९० तर ६८, ८० तर ७४, ७० तर ७९, ६० तर ८५, ५० तर ९१. प्रोजेक्टचे दहा टक्के घसरले की फायनलवर साधारण पावणेसहा टक्क्यांचा बोजा चढतो. सगळी उत्तरे अगदीच बारीक आली, तर 0.35 च्या जागी 35 पडले आहे का ते पाहा; मोठी उणे आली, तर 0.2 च्या जागी 20 पडले आहे का ते. उत्तर १०० च्या वर गेले तर ती जोडी बाद. या विषयात प्रोजेक्ट ३३ च्या खाली गेला की ७५ हातचे गेले.

ROUNDUP मुद्दाम घातले आहे. ८० च्या ओळीत खरे उत्तर ७३.१४ येते. नेहमीच्या सवयीने ते ७३ केले तर एकूण ७४.९५ होते. कॉलेज ते ७५ धरेलही, पण त्या भरवशावर बेत आखू नका.

कागदावर बसणारी प्रत्येक जोडी नियमात बसतेच असे नाही. अनेक ठिकाणी प्रत्येक घटकात वेगळे पास व्हावे लागते. प्रोजेक्टला किमान ४० ची अट असेल, तर ३३-१०० ही जोडी उपयोगाची नाही. रांग ४०-९६ पासून सुरू होते.

आता जोडी निवडायची कशी? फायनलचे वेटेज जास्त म्हणून सगळा वेळ तिकडे ओतणे हा घाईचा निर्णय. तासाभरात किती टक्के वाढतात ते वेटेजने गुणून पाहा. रिपोर्टमधले राहिलेले ग्राफ आणि संदर्भ नीट केल्याने तासाला ३ टक्के वाढणार असतील तर एकूणात ०.६ ची भर पडते. तेवढ्याच वेळात फायनलची तयारी दीड टक्का पुढे सरकत असेल तर ०.५२५. म्हणजे तूर्त प्रोजेक्ट फायद्याचा. रिपोर्ट बऱ्यापैकी झाला की तिथली वाढ मंदावते, तेव्हा पुस्तक उघडा.

प्रोजेक्टचे गुण लागले की जुनी रांग फेकून द्या. समजा ७२ मिळाले. तर फायनलला ७७.७१ हवेत. पेपर ७० गुणांचा असेल तर ‘७८ मार्क’ म्हणण्यात अर्थ नाही. ७० चे ७७.७१ टक्के म्हणजे ५४.४. पुऱ्या ५४ वर एकूण ७४.८ होते, म्हणून ५५ हवेत. अर्धा गुण देत असतील तर ५४.५ लाही भागते.