तो `temp` कशाला होता? एफवायच्या वर्गाला पत्र

मुलांनो,

सीच्या इंटर्नलचे पेपर रविवारी घरी तपासले. दुसऱ्या प्रश्नापाशी आलो आणि चहा गार झाला. पुढचा कोड देऊन मी आउटपुट विचारलं होतं. तुमच्या जर्नलमधला सातव्या क्रमांकाचाच प्रोग्राम, आकडा उलटा केला तरी तोच राहतो का, म्हणजे पॅलिंड्रोम आहे का, ते सांगणारा. त्यातल्या फक्त दोन गोष्टी काढून टाकल्या होत्या: सुरुवातीची `temp = n` ही ओळ आणि शेवटच्या `if` मधला `temp`. त्या जागी `n` आला.

```c
int n = 1221, r, rev = 0;
while (n > 0)
{
    r = n % 10;
    rev = rev * 10 + r;
    n = n / 10;
}
if (rev == n)
    printf("Palindrome");
else
    printf("Not palindrome");
```

निम्म्याहून जास्त वर्गाने `Palindrome` लिहिलंय. कुणी खाडाखोड केलेली नाही, कुणी प्रश्न सोडलेला नाही. सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून, चुकीचं उत्तर. ज्यांची जर्नल सगळ्यात नीटनेटकी आहेत तेच इथे पडलेत, आणि ज्यांचं जर्नल अजून अर्धंच आहे अशा दोघांचं उत्तर बरोबर आलंय. जर्नल अर्धं ठेवा असा याचा अर्थ काढू नका, सही मी देणार नाही.

काय झालं ते सांगतो. कोड उतरवताना डोळा ओळी बघतो, कंस बघतो, सेमीकोलन बघतो. प्रोग्राम पाच-सात वेळा उतरवला की त्याचा चेहरा पाठ होतो. `% 10` दिसलं, `/ 10` दिसलं, 1221 दिसलं, की डोकं म्हणतं, अरे हा तर पॅलिंड्रोमवाला! आणि हात जुनं आउटपुट लिहून मोकळा होतो. समोरची ओळ वाचलीच जात नाही. काहीच येत नसेल तर माणूस निदान चाचपडत एकेक ओळ बघतो. चेहरा ओळखीचा असला की तेवढंही करत नाही. म्हणून पेपर काढणारा मुद्दाम ओळखीचाच प्रोग्राम घेतो आणि त्यात एक ओळ हलवतो. मीही तेच केलं, आणि फायनलचा पेपर काढणारेही तेच करणार.

आता हाच कोड कागदावर चालवू, म्हणजे ट्रेस करू. तीन रकाने आखा. पहिल्या ओळीत लूपच्या आधीच्या किमती, मग प्रत्येक फेरी संपल्यावरच्या.

```
n      r    rev
1221   -    0
122    1    1
12     2    12
1      2    122
0      1    1221
```

शेवटच्या ओळीवर बोट ठेवा. लूप संपलं तेव्हा `rev` 1221 आहे, आणि `n` शून्य आहे. शून्य व्हायलाच हवा, नाहीतर `n > 0` खोटं कधी होणार आणि लूप थांबणार कधी? म्हणजे लूप संपण्याची अटच ही आहे की मूळ आकडा पार खाऊन संपलेला असावा. त्यानंतर आपण `rev == n` विचारतो, म्हणजे 1221 आणि 0 सारखे आहेत का. नाहीत. उत्तर `Not palindrome`. 1221 ला तेच, 121 ला तेच, 7 ला तेच. या बिघडलेल्या प्रोग्रामला तुम्ही 0 दिलात तरच तो `Palindrome` म्हणेल, कारण तेव्हा लूप एकदाही चालत नाही आणि दोन्हीकडे शून्यच राहतं. `temp` तिथे कशाला होता ते आता कळलं ना? मूळ आकडा मरण्याआधी त्याची एक प्रत बाजूला ठेवायला. तुम्ही `temp` वीस वेळा लिहिलाय. तो काढला तर काय होईल हे एकदाही बघितलं नाहीत.

मी हे रागाने लिहितोय असं वाटत असेल, तर थोडा राग आहेच. पण त्यातला मोठा हिस्सा माझ्या स्वतःवरचा आहे.

मी एफवायला होतो तेव्हा लॅबमध्ये टर्बो सीचा निळा पडदा असायचा. सीनियरच्या जर्नलची झेरॉक्स काढायची, उतरवायची, घोकायची, हा माझा अभ्यास. प्रॅक्टिकलला चिठ्ठीत मला आकडा उलटा करायचा प्रोग्राम आला. मनात म्हटलं, लॉटरी लागली. पाच मिनिटांत टाइप केला, 123 दिला, 321 आलं. एक्स्टर्नल सर शांतपणे म्हणाले, "12345 दे." दिला. पडद्यावर आलं -11215. मी घाबरून म्हणालो, "सर, मशीनमध्ये व्हायरस आहे." मागच्या बाकावरचे अजून त्यावरून मला चिडवतात.

सरांनी कागद पुढे सरकवला. "`rev` च्या किमती लिही." 5, 54, 543, 5432, 54321. "टर्बो सीमध्ये `int` किती बाइटचा?" दोन. "मग त्यात जास्तीत जास्त किती मावतं?" 32767. शेवटच्या फेरीत 54321 तिथे मावत नव्हता. दोन बाइटमध्ये 65536 वेगवेगळ्या किमती बसतात, त्यामुळे आकडा तेवढ्याने मागे गेला: 54321 वजा 65536, म्हणजे बरोबर -11215. व्हायरसबियरस काही नव्हता. पाच ओळींच्या तक्त्यात ते दिसत होतं, आणि मी तो तक्ता आयुष्यात कधी केला नव्हता. प्रॅक्टिकलला काठावर सुटलो, थिअरीत मात्र एटीकेटी लागली. घरी वडिलांना 'पेपरच अवघड होता' असं सांगितलं.

तुमच्या लॅबमध्ये `int` चार बाइटचा आहे, म्हणून 12345 चं 54321 नीट येतं. तुमची भिंत 2147483647 वर आहे. 1999999999 उलटा करून बघा. तिथे जे काही येईल त्यावर विसंबू नका, `int` ओसंडला की काय व्हावं याची हमी सीचं मानक देतच नाही.

ट्रेस करताना सगळ्यांची एक चूक होते, आणि ती मी जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण बाकी सगळं तुम्हाला येतं. ही चूक केलेला तक्ता भरलेला दिसतो, पण तो खोटा असतो. तुम्ही कोड वाचून किमती लिहीत नाही, प्रोग्रामने काय करायला हवं ते आठवून लिहिता. वरच्या तक्त्यात तर ते पकडताही येत नाही. 1221 मध्ये अंक उजवीकडून काढले तरी `rev` होतो 1, 12, 122, 1221, आणि कुणी गैरसमजाने डावीकडून काढले तरी तेच! म्हणजे `% 10` काय करतं हे न कळलेल्या मुलाचाही `rev` चा रकाना अगदी बरोबर दिसतो. म्हणून सरावाला असला गोंडस आकडा घेऊ नका. 352 घ्या. नीट ट्रेस केलात तर 2, 25, 253. मनाने भरलात तर 3, 35, 352, आणि चोरी तिथल्या तिथे उघडी.

आता याच 352 वर तिसरा प्रश्न बघा, ज्यात मी लूपमधल्या ओळींचा क्रम बदलला होता: `n = n / 10;` सगळ्यात वर, बाकीच्या दोन खाली. पहिल्या फेरीत `n` आधी 35 होतो, मग `r` ला 5 मिळतो, `rev` 5. शेवटचा 2 बघायच्या आधीच गेला. दुसरी फेरी: `n` 3, `r` 3, `rev` 53. `n` अजून शून्यापेक्षा मोठा आहे, म्हणून तिसरी फेरी होतेच: `n` 0, `r` 0, `rev` 530. शेवटच्या शून्याचा उगम कुठे आहे ते दिसलं? दिसत नसेल तर पुन्हा करा. मलाही पहिल्यांदा दिसला नव्हता.

आणि शेवटची खोटी ठरलेली तपासणीही तक्त्यात लिहा. तीन अंकांना लूप तीनदा चालतं, पण `n > 0` चार वेळा तपासलं जातं. 'कंडिशन किती वेळा तपासली' या प्रश्नाचा एक मार्क दर वर्षी याच्यावर जातो.

कॉलेज रोडवर झेरॉक्सच्या दुकानांत 'हमखास येणारे 50 प्रोग्राम' मिळतात, मला ठाऊक आहे. घ्यायचे तर घ्या. पण त्यात कोड आणि आउटपुट असतं, मधला तक्ता नसतो, आणि परीक्षा त्या मधल्या जागेचीच असते. सीनियरचं म्हणाल तर 'हा पाठ कर, येतोच' म्हणणारा सीनियर नको. तुमच्या हातातलं पेन काढून न घेता 'पुढची ओळ कोणती?' एवढंच विचारत बसणारा शोधा. असा एखादाच असतो, आणि बहुतेक वेळा तो टॉपर नसतो.

कोड उतरवायला माझी ना नाही. हाताला सवय लागते, सेमीकोलन विसरत नाही. पन्नासच्या पन्नास ट्रेस करा असंही म्हणत नाही, ते कुणाच्यानं होत नाही. रोज एक करा. आधी जसा आहे तसा, मग त्यातली एक ओळ वरखाली करून किंवा काढून. दहा-बारा मिनिटं लागतात. निफाड-पिंपळगावहून एसटीने येणारे तर सीबीएस येईपर्यंत दोन करतील, खिडकीची जागा मिळाली तर. पेन्सिल वापरा, आणि तक्ता पुरा झाल्याशिवाय प्रोग्राम रन करू नका. आधी रन केलात की उत्तर डोळ्यात बसतं आणि हात आपोआप त्या उत्तराकडे जातो. मशीनचं उत्तर वेगळं आलं तर रकाना खोडू नका. कुठल्या ओळीपासून वाट सुटली त्यावर गोल करा.

ज्यांना दोन्ही प्रश्नांत शून्य मिळालंय त्यांनी धीर सोडू नये. इंटर्नलच आहे, फायनलला अजून सात आठवडे आहेत. पण पेपर परत मिळाल्यावर 'सर, एक मार्क वाढवा ना' म्हणत स्टाफरूममध्ये येऊ नका. तक्ता घेऊन आलात तर दारातूनच आत बोलावीन.

सोमवारच्या प्रॅक्टिकलला येताना हे करून आणा. `temp` असलेला, बरोबर चालणारा प्रोग्राम घ्या आणि त्याला -121 द्या. एकदा `while (n > 0)` ठेवून, एकदा `while (n != 0)` करून. दोन्ही तक्ते कागदावर. दोघांची उत्तरं वेगळी येतात, आणि त्यातल्या एकात `r` ची पहिली किंमत -1 आहे. ती -1 का आली, हे मी प्रत्येकाला स्वतंत्र विचारणार आहे.

तुमचे,
सीचे सर