दुभाजक नसलेल्या रस्त्यावर गाडी नेमकी कुठे ठेवायची?

कोपरखैरणेहून महापे एमआयडीसीत मी रोज गाडीनं जाते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर मध्ये दुभाजक आहे, तो आपली चूक बऱ्यापैकी सांभाळून घेतो. खरी परीक्षा एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर असते. तिथे समोरून चाळीस फुटी ट्रेलर येतो आणि आपल्यामध्ये अन् त्याच्यामध्ये असते फक्त रंगाची एक पट्टी. तीही कधी पुसलेली. माझ्या भाचीला लायसन्स मिळालं तेव्हा सुट्टीच्या सकाळी मी तिला याच रस्त्यांवर घेऊन गेले. तिची पहिली अडचण बहुतेक सगळ्यांची असते: गाडी सारखी मधल्या पट्टीवर चढत होती.

आधी डावी बाजू ओळखा

"मावशी, डावीकडे किती जागा आहे ते कळतच नाही," ती म्हणाली. मूळ दुखणं हेच आहे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. मधली पट्टी त्याच्या हाताशी असते आणि डावं चाक सव्वा-दीड मीटर लांब, नजरेआड. गटार, फुटपाथचा दगड, उभी रिक्षा यांची भीती वाटते, म्हणून गाडी नकळत उजवीकडे सरकते. रस्ता अडवायचा म्हणून मधोमध चालवणारे थोडे. डावीकडचा अंदाज नाही म्हणून चालवणारे फार.

यावर उपाय अर्ध्या तासाचा आहे. रिकाम्या, सरळ रस्त्यावर डावं चाक कडेपासून साधारण 80 सेंटिमीटरवर येईल अशी गाडी उभी करा. खाली उतरून मोजा, नुसत्या अंदाजावर सोडू नका. मग सीट नेहमीसारखी ठेवून बसा आणि रस्त्याची डावी कड समोरच्या काचेच्या तळाशी कुठे येऊन मिळते ते बघा. बहुतेक गाड्यांत ती बॉनेटच्या मध्याच्या आसपास येते. तिथे काचेला आतून बोटभर रंगीत टेप लावा. चालवताना कड टेपच्या डावीकडे सरकलेली दिसली तर गाडी उजवीकडे वाहत चालली आहे. कड टेपच्या उजवीकडे आली तर आपण कडेला फार चिकटलोय. सीट मागेपुढे केली की खूण बदलते, तेव्हा ती पुन्हा लावायची.

80 सेंटिमीटर कुठून आले?

दोन लेनचा रस्ता साधारण 7 मीटर रुंद असतो, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेतीन. आपली कार साधारण 1.7 मीटरची. ती लेनच्या मध्यावर ठेवली तर दोन्हीकडे 90 सेंटिमीटर उरतात. ट्रक आणि बस 2.6 मीटरपर्यंत रुंद असू शकतात, म्हणजे त्यांच्या ड्रायव्हरकडे दोन्ही बाजूंना जेमतेम 45. दोघंही आपापल्या लेनच्या मध्यावर असले तर त्यांच्यात 1.35 मीटर अंतर राहतं. ते पुरेसं आहे.

आता आपली उजवी बाजू मधल्या पट्टीला टेकली असं धरा. राहिले 45 सेंटिमीटर. त्यात आपला आरसा वीसेक सेंटिमीटर बाहेर आलेला. उरली एक वीत. त्या एका वितीत ट्रेलरवाल्यानं खड्डा चुकवायला स्टिअरिंग जरा हलवलं की काय होईल हे सांगायला नको. म्हणून मध्यापेक्षा जरासं डावीकडे राहिलेलं बरं. फार डावीकडेही नको, तिथे पावसाळ्यात साचलेलं पाणी, खडी आणि अचानक उघडणारे दरवाजे असतात.

पट्टी पुसली असेल तर? एमआयडीसीत आणि ठाण्यातही आता पुष्कळ रस्ते काँक्रीटचे आहेत. काँक्रीट पट्ट्या-पट्ट्यांनी ओततात, त्यामुळे दोन पट्ट्यांच्या सांध्यात काळा मसाला भरलेली एक लांब शिवण राहते. दोन लेनच्या रस्त्यावर ती बहुतेक ठिकाणी बरोबर मध्ये येते. रंग उडाला तरी शिवण जात नाही. मी तीच मधली रेषा मानते. दुचाकीवाल्यांनी मात्र त्या शिवणीवरून चालवू नये. पावसात ती निसरडी होते आणि सांधा उखडला असेल तर चाक त्यात धरतं.

रेषा काय सांगते

तुटक पांढरी रेषा असेल तर रस्ता मोकळा पाहून ओव्हरटेकसाठी ओलांडता येते. अखंड रेषा ओलांडायची नाही, त्यावर चाक ठेवून चालवायचंही नाही. एक अखंड आणि एक तुटक अशी जोडी असेल तर आपल्या बाजूची रेषा कुठली ते बघा. आपल्याकडे तुटक असेल तर आपल्याला मुभा, समोरच्याला नाही. अखंड रेषा वळणाआधी, चढाच्या माथ्याआधी किंवा चौकाआधी सुरू होते, म्हणजे जिथे पुढचं दिसत नाही तिथे. ती पाहिली की पुढे काहीतरी लपलंय असं समजावं.

हळू जायचं असेल तर

दोन लेनच्या रस्त्यावर 'स्लो लेन' वेगळी नसतेच. आपली अख्खी बाजूच एक लेन. हळू जायचं असेल तर तिच्यात डावीकडे राहा आणि मागे रांग लागली तर जागा बघून, डावा इंडिकेटर देऊन थांबा, त्यांना जाऊ द्या. हात बाहेर काढून "जा, जा" असं मात्र करू नका. समोरून काय येतंय याची जबाबदारी तुमच्या हाताला घेता येत नाही.

दुभाजक नाही पण एका बाजूला दोन-दोन लेन आहेत अशा रस्त्यावर डावी लेन राहण्याची आणि मधल्या रेषेलगतची ओव्हरटेकची किंवा उजवीकडे वळणाऱ्याची. काम झालं की परत डावीकडे. 'डावीकडे खड्डे आहेत' म्हणून कायम उजवीकडे राहिलात तर मागचा डावीकडून घुसतो, आणि तिथूनच स्कूटरवाल्याचं दुखणं सुरू होतं.

उजवीकडे कंपनीच्या गेटात वळायचंय? मधल्या रेषेच्या अलीकडे, तिला लागून थांबा म्हणजे मागच्यांना डावीकडून जाता येईल. थांबलेले असताना स्टिअरिंग सरळ ठेवा. चाकं आधीच उजवीकडे वळवून ठेवली आणि मागून कुणी धडकलं तर गाडी थेट समोरच्या ट्रकपुढे ढकलली जाते. ही गोष्ट मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले नाही. कंपनीच्या बसच्या एका जुन्या ड्रायव्हरकाकांनी सांगितली.

उभा ट्रेलर

आपल्या बाजूला ट्रेलर पार्क केलेला आहे. त्यानं अडीच मीटर खाल्ले, 7 पैकी साडेचार उरले. कार आणि ट्रक तेवढ्यात एकाच वेळी मावत नाहीत. अडथळा ज्याच्या बाजूला, त्यानं थांबायचं. पण कुठे? ट्रेलरच्या शेपटीला चिकटून नाही. दीड-दोन गाड्यांचं अंतर सोडून, आपल्या लेनमध्येच थांबा. तिथून ट्रेलरपलीकडचं दिसतं आणि बाहेर पडताना गाडी तिरकी करावी लागत नाही.

मी एकदा हे पाळलं नव्हतं. घाई होती, अर्धी गाडी पलीकडे काढली आणि समोरून बस आली. माझ्यामागे दोन रिक्षा आणि चार बाइक आधीच येऊन चिकटल्या होत्या, बसमागे टँकर. कुणालाच मागे जाता येईना. एमआयडीसीतली कोंडी अशीच होते: थांबलेल्या रांगेतले लोक समोरच्याच्या अर्ध्या रस्त्यावर पसरतात, पलीकडचेही तेच करतात आणि दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहतात. वीस मिनिटं गेली. चूक माझी होती, तरी बसवाला मला काही बोलला नाही. ते जास्त लागलं.

ओव्हरटेक: खांब मोजा

पुढे छोटा टेम्पो 30 च्या वेगानं चाललाय, आपण 45 ला जाऊ शकतो. टेम्पोच्या 10 मीटर मागून निघायचं, टेम्पो 4 मीटर, आपली गाडी 4 मीटर, पुढे जाऊन आणखी 10 मीटर सोडून परत आत यायचं. म्हणजे टेम्पोपेक्षा 28 मीटर जास्त कापायचे. वेगातला फरक ताशी 15 किलोमीटर, सेकंदाला चारेक मीटर. वेळ लागतो सुमारे 7 सेकंद. तेवढ्यात आपण 88 मीटर जातो आणि समोरून 45 नं येणाराही 88 मीटर येतो. थोडी राखीव जागा धरून 200 मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. विजेचे खांब साधारण 30 मीटरवर असतील तर सात खांब. तुमच्या रस्त्यावरचं अंतर एकदा चालत मोजून घ्या.

टेम्पो 35 नं जात असेल तर फरक 10 चाच उरतो, वेळ 10 सेकंदांवर जातो आणि लागणारा रस्ता अडीचशे मीटरच्या पुढे. पुढची गाडी जितकी आपल्या वेगाच्या जवळ, तितका ओव्हरटेक महाग. आणि मिळतं काय? गेट दीड किलोमीटरवर असेल तर 30 नं तीन मिनिटं, 45 नं दोन. वाचलेलं मिनिट गेटवरच्या पंचिंगच्या रांगेत जातं.

ओव्हरटेक करायचा नसेल तर टेम्पोच्या मागे उजवं चाक रेषेवर ठेवून 'डोकावत' राहू नका. मागे अंतर वाढवा, आपोआप जास्त दिसतं.

वळण

पारसिक हिलचा रस्ता किंवा ठाण्यात उपवनवरून येऊरला चढणारा रस्ता घ्या. उजव्या वळणावर आतली बाजू कापायचा मोह होतो, कारण वळण सोपं वाटतं. पण ती आतली बाजू समोरून उतरणाऱ्याची आहे, आणि तो झाडीमुळे दिसत नाही. वेग वळणाआधीच कमी करा, नजर रेषेवर न ठेवता वळणाच्या शेवटाकडे ठेवा, गाडी आपल्या लेनमध्ये आपसूक राहते. डाव्या वळणावर उलट होतं: वेग जास्त असेल तर गाडी बाहेर, म्हणजे मधल्या रेषेकडे फेकली जाते. रस्ता दोघांना पुरत नसेल तर उतरणाऱ्यानं थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची.

लांब वाहनाचं एक लक्षात ठेवा. वळताना त्याची मागची चाकं पुढच्यांच्या आतून जातात, म्हणून ट्रेलरचा ड्रायव्हर मुद्दाम बाहेरून मोठा घेर घेतो. कोपऱ्यावर तो आपल्या लेनमध्ये येताना दिसला तर हॉर्न देण्यात अर्थ नाही. कोपऱ्याच्या आधीच थांबा.

भाचीच्या गाडीच्या काचेवर पिवळी टेप महिनाभर होती. परवा पाहिलं तर काढलेली. "आता कड दिसते गं मावशी," म्हणाली. मी मागच्या सीटवरून बघत होते. डावं चाक कडेपासून बरोबर हातभर लांब होतं.