ठिबकच्या व्हिडिओची स्क्रिप्ट मोठ्याने वाचली तेव्हा

स्क्रिप्ट पूर्ण झाली होती, पण रेकॉर्डिंगला एकाच वाक्यावर तीनदा अडखळलो: ‘सिंचन संचाच्या स्वच्छतेच्या सूचना’. डोळ्यांना ते खटकलं नव्हतं; स आणि च पाठोपाठ आले की जीभ मात्र अडकते. मग उभा राहून, बोलायच्या वेगात सगळी स्क्रिप्ट वाचली आणि अडखळलो तिथे पेन्सिलीने खूण केली. ते वाक्य झालं: ‘ठिबकची गाळणी अशी धुवा.’

‘तर मित्रांनो’, ‘आपण बघू शकता’ गाळून वाचलं, अर्थ तसाच राहिला, म्हणून काढून टाकलं. ‘म्हणजे’ मात्र एका ठिकाणी ठेवलं: ‘लॅटरल, म्हणजे ओळीतली बारीक नळी’. तिथे ते शब्द समजावतं, शिवाय श्वासही घेता येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं, कारण लगेच वाचलं तर पाठ झालेलं वाक्य सहज निघून जातं.