कपकेकचा कागद सुटतो, माथा बसतो किंवा टोक येतं : या चुका टाळा

कपकेक बिघडला की पहिला संशय रेसिपीवर जातो. बहुतेक वेळा रेसिपी बरोबर असते. बिघाड ओव्हनमध्ये, ट्रेमध्ये की डब्यात झाला हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी एकच प्रश्न विचारा : दोष नेमका कधी दिसला?

एक उदाहरण घेऊ. जुलै महिना, घोडबंदर रोडवरचा फ्लॅट, बाहेर पाऊस. ३० लिटरचा ओटीजी आणि सहा खळग्यांचा एकच ट्रे. करायचे आहेत बारा कपकेक. मिश्रण असं : मैदा १५० ग्रॅम, बटर १२० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, २ अंडी, दूध १०० मिली, बेकिंग पावडर दीड टीस्पून. हे सगळं मिळून साधारण सव्वासहाशे ग्रॅम भरतं, म्हणजे एका कपात सुमारे ५० ग्रॅम. तळाशी ५ सेंटिमीटर रुंद असलेला नेहमीचा कागदी लायनर त्याने दोन तृतीयांशाला थोडं कमी भरतो. प्रमाणात काही खोट नाही. तरीही पहिल्या सहांना टोक आलं, दुसरे सहा बसके निघाले आणि संध्याकाळी डबा उघडला तेव्हा अर्ध्या कपकेकचे कागद फुलासारखे उमललेले.

टोकापासून सुरुवात करू. ओटीजी २०० वर लावला होता, ‘दार उघडताना गरमी जातेच’ म्हणून. इतक्या उष्णतेत कडा आणि वरची साय आधी घट्ट होते. मधलं मिश्रण अजून पातळ असतं आणि फुगतच राहतं. बाजूला जायला जागा नसते, मग ते मधूनच वर येतं आणि साय फोडून टोक काढतं. लहान ओटीजीत वरची सळई जवळ असल्याने हे लवकर होतं. उपाय साधा आहे : १६५ ते १७० अंश, मधलं किंवा त्याच्या खालचं रॅक, आणि १८ ते २० मिनिटं. डायलवरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका, स्वस्त ओव्हन-थर्मामीटर आत ठेवा. १७० लावल्यावर आत १९० दाखवणारे ओटीजी काही दुर्मीळ नाहीत. एकाच ट्रेमध्ये फक्त मागच्या रांगेला टोक येत असेल, तर मागची बाजू जास्त तापते. बाराव्या-तेराव्या मिनिटाला ट्रे एकदाच फिरवा, त्याआधी नको.

मैदा घातल्यावर खूप फेटलं तरीही टोक येतं, पण त्याची खूण वेगळी असते. कपकेक कापून बघा. आत खालून वर जाणारे लांबट बोगदे दिसले, तर हात जास्त चाललाय. मैद्याचे कोरडे पट्टे दिसेनासे झाले की थांबायचं.

आता बसकी सहा. ट्रे एकच असल्यामुळे उरलेलं मिश्रण ओट्यावर पंचवीस मिनिटं थांबलं. बेकिंग पावडरला ओल लागली की थोडा वायू लगेच सुटू लागतो. शिवाय स्वयंपाकघरात ३० अंश असतील तर फेटलेलं बटर सैल पडतं आणि त्यात धरलेली हवाही निघून जाते. दही-सोडा घातलेल्या बिनअंड्याच्या कपकेकमध्ये तर हा तोटा फारच मोठा, कारण सोडा दह्याला भेटताच काम सुरू करतो. म्हणून दुसरी सहा वेगळीच मिसळा. मैदा आणि बेकिंग पावडर चाळून दोन वाटण्या करा, फेटलेलं बटर-साखर-अंड्याचं मिश्रणही अर्धं फ्रीजमध्ये ठेवा आणि पहिला ट्रे बाहेर आल्यावरच मैदा व दूध मिसळा. तापलेल्या ट्रेमध्ये दुसरा घाणा भरू नका. तो गार करा, पुसून कोरडा करा आणि मगच लायनर बसवा.

बटरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ‘रूम टेंपरेचरचं बटर’ हे शब्द थंड हवेच्या देशांतून आलेत. तिथली खोली २० अंशांची असते. मे महिन्यात नेरुळ-ऐरोलीत बटर तासभर बाहेर ठेवलं तर ते जवळजवळ वितळतं, आणि असं बटर कितीही फेटलं तरी हवा धरत नाही. तुकडे करून दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट तेलकट चकाकू नये.

बसका आणि खचलेला हे मात्र एक नव्हेत. बसका कपकेक मुळातच वर आलेला नसतो. खचलेला आधी फुगतो आणि मग मध्ये खोल जातो. आत मोठी, खडबडीत भोकं असतील, चव साबणासारखी लागत असेल आणि मिश्रण कडेवरून ओघळलं असेल, तर सोडा किंवा पावडर जास्त झाली आहे. घरातला चहाचा चमचा पाच मिलीचा असेलच असं नाही, त्यामुळे मापाचाच चमचा वापरा. उलट आत तळाशी ओला, चिकट थर दिसला तर कपकेक कच्चा आहे. दहाव्या मिनिटाला दार उघडून बघितल्यानेही कपकेक खचतो : आतला सांगाडा धरलेला नसतो आणि गार हवा लागली की तो कोसळतो. काढण्याआधी मधल्या कपकेकवर बोटाने हलकं दाबा. खळगा परत वर आला आणि टूथपिक कोरडी निघाली, तरच काढा.

राहिला कागद, आणि पावसाळ्यात खरी डोकेदुखी तीच. कपकेक ओव्हनमधून आल्यावरही त्यातून वाफ निघत राहते. ट्रेमध्ये ती कागदाच्या बाहेरच्या बाजूला अडकते. कागद ओला होऊन ताणतो, कपकेक गार होताना आकसतो, आणि दोघांमध्ये फट पडते. आपल्या उदाहरणात दुसरा घाणा ट्रेमध्येच अर्धा तास राहिला आणि नंतर सगळे कोमट असतानाच डब्यात गेले. डब्याच्या झाकणावर आतून थेंब दिसले असतील, तर कारण शोधायला आणखी कुठे जायला नको.

कपकेक पाच मिनिटांत ट्रेमधून काढून जाळीवर ठेवा, एकमेकांपासून थोडे सुटे. वर फडकं झाकू नका. पावसाळ्यात पूर्ण गार व्हायला तास-सव्वा तास धरा. माथ्याला नव्हे, तळाला हात लावून बघा, कारण तळ सर्वांत शेवटी गार होतो. वाढदिवसाची ऑर्डर पाचला द्यायची असेल तर शेवटचा ट्रे अडीचच्या आत बाहेर यायला हवा.

सुटलेल्या कागदाला आतून काय चिकटलंय तेही बघा. कागद स्वच्छ सुटला असेल, तर कारण वाफ, जास्त बेकिंग किंवा अती गुळगुळीत लेप असलेला लायनर. ओलसर चुरा घेऊन सुटला असेल, तर कपकेक कच्चा होता. लायनरचा संशय असेल तर एकाच ट्रेमध्ये तीन जुने, तीन नवे लावून बघा. मिश्रण, उष्णता, वेळ सगळं सारखं राहतं, त्यामुळे फरक पडला तर तो कागदाचाच. लायनरला आतून तेल-बटर लावायचं नाही, कपकेकला कागदाला धरून चढता यायला हवं.

आयसिंगमुळे फ्रीजमध्ये ठेवावे लागले, तर बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. वाशी-ठाण्याच्या दमट हवेत गार कपकेकवर लगेच दव धरतं आणि चांगला चिकटलेला कागदही सुटतो. डबा बंदच राहिला की ते दव डब्याच्या बाहेर धरतं. अर्धा-पाऊण तास थांबा, डबा बाहेरून पुसा आणि मग उघडा. एकदा सुटलेला कागद परत चिकटत नाही. पाहुणे दारात असतील तर वरून दुसरा सजावटीचा कागद चढवून द्या.