दोन-चार वाक्यांत परकी भाषा: कथेतल्या काल्पनिक लोकांना बोलतं कसं करावं

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू कानावर पडतं. ज्याला त्यातलं अक्षरही कळत नाही, तोसुद्धा ते मराठी नाही हे क्षणात ओळखतो. शब्दांचे शेवट ऐका. आपलं ‘घर’, ‘झाड’, ‘हात’ व्यंजनावर थांबतं, कारण शेवटचा ‘अ’ आपण लिहितो पण उच्चारत नाही. तेलुगू बोलणारा बसला ‘बस्सु’ म्हणतो, कारला ‘कारु’. कन्नडमध्येही ही सवय आहे. शब्द स्वरावर टेकवायचा, एवढी एकच सवय, आणि ओळखीचा ‘बस’ परक्या घरचा होऊन जातो.

कथेत, नाटकात किंवा मुलांना सांगायच्या गोष्टीत काल्पनिक लोकांची भाषा सुचवायची असेल, तर अशा दोन-तीन सवयी ठरवायच्या आणि त्या कधीही मोडायच्या नाहीत. व्याकरणाचं पुस्तक लागत नाही. पाच हजार शब्दांच्या कथेला वीसेक शब्द आणि सहा-सात वाक्यं पुरतात, असा माझा अनुभव आहे. एक उदाहरण घेऊन हे पूर्ण करून दाखवतो. मोठ्या सरोवरावर नावांमध्ये राहणारे लोक आहेत आणि त्यांच्याकडे आपला एक माणूस, धनंजय, व्यापाराला जातो.

आधी वगळा

नवशिक्या लेखकाचा हात पहिल्यांदा विचित्र अक्षरांकडे जातो. ‘ख्रुझ्घट्ट’ असं काहीतरी तयार होतं. वाचक ते एकदा अडखळत वाचतो, दुसऱ्यांदा डोळ्यांनी ओलांडून पुढे जातो. भाषेचा तोंडवळा भर घालून येतो त्यापेक्षा वगळण्यातून जास्त येतो. हवाई बेटांच्या भाषेत फक्त ८ व्यंजनं आणि ५ मूळ स्वर आहेत, आणि दोन व्यंजनं शेजारी येतच नाहीत. ‘ख्रिसमस’ तिथे ‘कालिकीमाका’ होतो. र नाही म्हणून ल, स नाही म्हणून क आणि प्रत्येक व्यंजनामागे एक स्वर.

आपल्या सरोवरवाल्यांना मी नऊ व्यंजनं देतो: क, त, प, म, न, ल, र, व, स. ख-घ-थ-ध-भ ही महाप्राण अक्षरं गेली, ट-ठ-ड-ढ-ण गेली, ळ गेला, ह गेला. मराठी कानाला हे लगेच जाणवतं, कारण आपलं बोलणं ‘आहे’, ‘होतं’, ‘वेळ’, ‘म्हणाला’ अशा शब्दांनी भरलेलं आहे. शेजारच्या मराठी वाक्यापुढे हे शब्द हलके, ओले वाटतात. पाण्यावर राहणाऱ्यांसाठी मला तेच हवं होतं.

च आणि ज मी मुद्दाम ठेवले नाहीत. मराठीत या अक्षरांचे दोन उच्चार आहेत. ‘चार’मधला च वेगळा, ‘चारा’मधला वेगळा. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांत लिहिताना फरक नाही, बोलताना आहे. ओळखीच्या शब्दात आपण चुकत नाही, पण नव्या शब्दात वाचकाला कुठला उच्चार करावा ते कळत नाही, आणि तिथेच तो थबकतो.

शब्दाचा साचा ठरवा

दुसरा नियम: एक व्यंजन, एक स्वर, पुन्हा व्यंजन, पुन्हा स्वर. जोडाक्षर नाही. शब्दाच्या शेवटी स्वर किंवा फक्त ‘न’.

इथे देवनागरीचा एक सापळा आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही ‘तोर’ लिहून मनात ‘तो-र’ असा पूर्ण उच्चार धरलात, तरी मराठी वाचक ‘तोर्’ असंच वाचणार. शब्दाच्या मधलाही ‘अ’ तो गिळतो: ‘सामलू’ लिहिलंत तर ‘साम्लू’ वाचलं जातं आणि न ठरवलेलं जोडाक्षर तयार होतं. म्हणून प्रत्येक व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी किंवा उकार द्या. नुसता ‘अ’ फार तर पहिल्या अक्षरात चालेल. इकार-उकार सगळीकडे दीर्घ ठेवा. शब्दाच्या शेवटी ते दीर्घ लिहायची आपल्याला सवय आहेच.

एक अंतर्गत ओढ द्या

तिसरा नियम वाचकाला सांगायचा नसतो, पण त्यामुळेच शब्द एका घरातले वाटतात. तुर्की भाषेत ‘एव’ म्हणजे घर, त्याचं अनेकवचन ‘एवलेर’. ‘आत’ म्हणजे घोडा, त्याचं ‘आतलार’. मूळ शब्दातला स्वर प्रत्ययाच्या स्वराला आपल्याकडे ओढतो. मी याचंच सोपं रूप घेतलं. एका शब्दात एकतर आ-ओ-ऊ हे स्वर येतील, नाहीतर ए-ई. दोन्हींची सरमिसळ नाही.

आता शब्द पाडू. पाण्यासाठी मला आधी ‘नेली’ सुचलं. नियमात बसतं, पण मराठी वाचक विचारणार, कुणी नेली? ते सोडलं आणि ‘लेमी’ घेतलं. नावेला ‘कोमा’ म्हणावं म्हटलं, तर इस्पितळ आठवतं, म्हणून ‘नोसू’. ही चाळणी प्रत्येक शब्दाला लावा. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि शिव्या, चारही तपासा. अनेकवचनाला ‘लान’ किंवा ‘लेन’: ‘नोसूलान’ म्हणजे नावा, ‘लेमीलेन’ म्हणजे अनेक पाणी, म्हणजे त्यांच्या लेखी सगळं सरोवर. धुकं ‘सेवीन’, येणं ‘सोरा’, शांत ‘रेने’, भाऊ ‘लानो’, नकार ‘मू’.

वाक्य मराठीच्या मापाने कापू नका

लहानपणी आपण च-ची भाषा बोलतो: ‘चतू चयका चरतोसक’. खेळायला मजा येते, पण आत मराठीच आहे, शब्दांचा क्रमही तोच. ‘मी’ला एक शब्द, ‘आहे’ला एक शब्द अशी यादी करून मराठी वाक्यावर चिकटवली, की नवी भाषासुद्धा अशीच गुप्तलिपी होते. ते ओळखायची खूण सोपी आहे: तुमच्या काल्पनिक वाक्यातल्या शब्दांची संख्या दर वेळी मराठी भाषांतराइतकीच भरते.

ते मोडायला दोन फरक पुरतात. क्रियापद आधी ठेवतो, नकार अगदी शेवटी. ‘आहे’ला शब्दच नाही.

सोरा सेवीन: धुकं येतंय.
सोरा नोसूलान: नावा येताहेत.
सोरा, लानो: ये, भाऊ.
सोरा मू, लानो: येऊ नकोस, भाऊ.
लेमी रेने: पाणी शांत आहे. हाच त्यांचा नमस्कार.

‘सोरा’ चार वाक्यांत आला, तो मुद्दाम. प्रत्येक वाक्यात सगळे शब्द नवे असतील तर वाचकाच्या लेखी तो नुसता आवाज उरतो. तोच शब्द वेगळ्या प्रसंगात भेटला, की त्याचा अर्थ हाती लागतो. अभिवादन त्या लोकांच्या जगण्यातून निवडा. नावेत राहणारा माणूस भेटला की आधी पाण्याचं विचारणार.

कथेत ठेवताना

शब्दापुढे कंस करून अर्थ देऊ नका. कृतीतून द्या. पहिल्या भेटीचा प्रसंग असा लिहिता येईल:

म्हातारीने तळहात पाण्यावर आडवा धरला. ‘लेमी रेने,’ ती म्हणाली आणि थांबली. धनंजयला काय करावं कळेना. शेजारच्या मुलाने त्याचं मनगट धरून हात पाण्यावर आडवा केला. ‘रेने,’ मुलगा हळूच म्हणाला. ‘रेने,’ धनंजय म्हणाला. तेव्हा कुठे म्हातारी हसली. ‘सोरा, तानासा.’

अर्थ कुठेही सांगितलेला नाही, तरी तो नमस्कार आहे आणि ‘सोरा’ म्हणजे बोलावणं, हे कळतं. शिवाय धनंजयचा ‘तानासा’ झाला. ध नाही म्हणून त, ज नाही म्हणून स, मधलं जोड उच्चारण गेलं आणि शेवटचा य गळून शब्द स्वरावर थांबला. शिल्पा आली तर पहिला स्वर ई, म्हणून ती ‘सीलीपे’ होईल. ओळखीचं नाव परक्या तोंडी असं वाकलं, की त्या भाषेला नियम आहेत हे वाचकाला आपोआप पटतं. एकच जागा मिळणार असेल तर मी वाक्यापेक्षा हे निवडीन.

मग कथेच्या शेवटाकडे, वादळाच्या रात्री, तीच म्हातारी हात आडवा न धरता एवढंच म्हणते: ‘लेमी रेने मू.’ मधल्या एखाद्या प्रसंगात कुणी ‘मू’ म्हणत मान हलवली असेल, तर इथे एकाही मराठी शब्दाची गरज नाही.

एक गोष्ट मात्र मला मनापासून सांगायची आहे. दुष्टांच्या तोंडी खरखरीत, घशातले उच्चार आणि सज्जनांच्या तोंडी ल-म-न, ही वाटणी करू नका. ते उच्चार जगात खऱ्या माणसांच्या मातृभाषेत आहेत. कुण्या आदिवासी भाषेचा कानावर पडलेला ठेका उचलून तो रानटी टोळीला देणं तर त्याहून वाईट. ळ आणि ठ न ऐकलेल्या माणसाला आपली मराठीही खडबडीत वाटू शकते.

तपासणी

सगळी वाक्यं कागदावर लिहा, त्यांत नियम मोडणारे दोन शब्द मिसळा, समजा ‘लोकेमा’ आणि ‘पस्तीनू’, आणि ज्याला नियम माहीत नाहीत अशा माणसाला मोठ्याने वाचायला द्या. मग विचारा, यांतले पाहुणे कोणते? ‘पस्तीनू’ त्याने लगेच पकडला, तर साचा नीट बसला आहे. ‘लोकेमा’ फक्त स्वरांच्या ओढीमुळे चुकीचा आहे, तो सुटला तर बिघडत नाही. दोन्ही सुटले, तर नमुने कमी पडताहेत किंवा तुमच्याच शब्दांत कुठेतरी नियम ढिला झाला आहे. आणि वाचताना जीभ एकाच जागी दोनदा अडली, तर तो शब्द बदला. माझ्या यादीत ‘सेवीन’ आधी ‘वेरीन’ होता. वाचणाऱ्याने दोन्ही वेळा ‘वैरीण’ वाचलं.

नियम, वीस शब्द आणि वाक्यं एका पानावर लिहून ते पान हस्तलिखिताशेजारी ठेवा. नवा शब्द लागला की आधी त्या पानावर चढवायचा, मगच कथेत. एखाद्या पात्राला या भाषेत अख्खी गोष्ट सांगायची वेळ आली, तर हे पान पुरणार नाही, तिथे काळ, विभक्ती, सर्वनामं सगळं बसवावं लागेल. तोवर त्या म्हाताऱ्या बाईला कमी बोलू द्या.