पत्त्यांच्या कॅटसोबत द्यायची चिठ्ठी

मैत्रीण नुकतीच बंगळुरूला गेली. पत्ते भेट दिले, पण तिथल्या रूममेटना बदाम सात कुठून येणार? म्हणून चिठ्ठीत शुभेच्छा एकच ओळ, बाकी खेळ लिहिला, तोही हिंदीत.

१. जाड कागद पत्त्याच्याच मापाने कापा, म्हणजे चिठ्ठी डबीतच राहते.
२. लिहा: जोकर काढा, सगळे पत्ते वाटा. बदाम सत्तीवाला सुरुवात करेल. पुढे त्याच रंगाचा लगतचा पत्ता किंवा दुसरी सत्ती. नसेल तर पास. ज्याचे पत्ते आधी संपतील तो जिंकला.

लावता येणारा पत्ता अडवून पास म्हणणं चालतं की नाही, तेही लिहाच. भांडणं तिथंच होतात. (आमच्याकडे चालत नाही.)